दिवाळीच्या डब्यात चांदीचं नाणं आणि पुढच्या महिन्यात रेट कॉन्ट्रॅक्ट : न दुखावता परत कसं करायचं?

माधवी_पार्ले

मी अंधेरीतल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत परचेसमध्ये आहे. आमचे पुठ्ठ्याचे खोके वसईच्या एका कारखान्यातून येतात. मालक साठीचे आहेत, मी त्यांना काका म्हणते, ते मला ताई म्हणतात. लॉकडाऊनमध्ये निम्मे सप्लायर फोन उचलत नव्हते, तेव्हा या माणसाने स्वतः टेम्पोत बसून माल पोचवला होता. आमचं पॅकिंग बंद पडलं नाही ते त्यांच्यामुळे.

परवा मी ऑफिसात असताना त्यांचा मुलगा घरी आला आणि सासूबाईंकडे दिवाळीचा डबा देऊन गेला. वर काजू-बदाम, खाली मखमली डबीत वीस ग्रॅमचं लक्ष्मीचं चांदीचं नाणं. सोबत एक पाकीट, त्यात लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये दोन दिवसांच्या 'ग्राहक स्नेहमेळाव्या'चं सहकुटुंब आमंत्रण.

आमच्या कंपनीची पॉलिसी सरळ आहे. हजार रुपयांपर्यंतची मिठाई, डायरी, कॅलेंडर चालतं, पण रजिस्टरमध्ये नोंदवायचं. रोख, गिफ्ट कार्ड, सोनं-चांदी अजिबात नाही. आणि ज्या सप्लायरशी दराची बोलणी चालू आहेत त्याच्याकडून काहीच नाही. काकांचं रेट कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय, तीन कोटेशन मागवलेली आहेत, त्यात एक त्यांचं.

म्हणजे परत करायचं हे पक्कं आहे. ठेवू का, असं मी विचारत नाहीये. सासूबाईंचं म्हणणं, दिवाळीत घरी आलेली लक्ष्मी माघारी पाठवत नाहीत. तिकडे काकांनाही ते तसंच लागेल अशी भीती आहे. नेमकं काय बोलावं, आधी फोन की आधी पत्र, आणि नाणं पोचवायचं कसं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

नितीन_ठाणे

एवढं मनावर घेऊ नका. ५००० रुपयांपर्यंतची भेट सरकारी नोकरांनाही चालते, नियमच आहे तसा. तुम्ही तर खासगीत. बॉसच्या कानावर घाला आणि ठेवून द्या. वर्षाच्या सणाला दिलेलं परत केलं की माणूस तुटतो.

खतावणी

मी बरीच वर्षं अंतर्गत लेखापरीक्षणात काढली, त्यातला मोठा भाग परचेसच्या फायली तपासण्यात गेला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नितीन, आकडा तुम्ही बरोबर ऐकलाय, पण तो इथला नाही. तो केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला. २०१९ मध्ये अ आणि ब गटासाठी ती मर्यादा ५००० झाली, क गटासाठी २०००. त्यापुढची भेट घ्यायची तर सरकारची परवानगी लागते, असा त्याचा अर्थ. ज्याच्याशी कामाचा संबंध आहे त्याच्याकडून त्याखालचं खुशाल घ्या, असं तो नियम म्हणत नाही. माधवीताईंना बांधील आहे ती त्यांच्या कंपनीची पॉलिसी. तिच्यात चांदी नाही म्हटलंय, तिथे विषय संपला.

या प्रकरणात किमतीपेक्षा वेळ जास्त बोलते. तेच नाणं कॉन्ट्रॅक्ट सही झाल्यावर सहा महिन्यांनी आलं असतं तर ते फक्त पॉलिसीबाहेरचं ठरलं असतं. आज तीन कोटेशन टेबलावर आहेत. उद्या काकांचा दर खरोखर सगळ्यांत कमी निघाला आणि काम त्यांना गेलं, तरी हरलेल्या दोघांपैकी कोणी तक्रार केली की पहिला प्रश्न येईल, दिवाळीत काय काय पोचलं होतं? त्या दिवशी तुमच्याकडे तारखेसकट कागद हवा. त्यात काकांचंही रक्षण आहे, हे लक्षात ठेवा. फोनवर बोलताना त्याचाच उपयोग होतो.

क्रम असा ठेवा. आजच तुमच्या साहेबांना आणि पॉलिसी बघणाऱ्याला चार ओळींचा मेल टाका. काय आलं, कधी आलं, कोणी घेतलं, आणि मी परत करते आहे. डबीचा फोटो जोडा. हे परत करण्याच्या आधी व्हायला हवं. मागाहून लिहिलेला मेल कितीही खरा असला तरी कोणीतरी विचारल्यावर लिहिल्यासारखा वाचला जातो.

मग काकांना फोन, आणि स्वतः काकांनाच. मुलाला नाही, ऑफिसला नाही. त्यांच्या ऑफिसच्या मेलवर थेट 'पॉलिसीनुसार आपली भेट परत करत आहोत' असं गेलं तर ते आधी त्यांचा अकाउंटंट वाचतो, मग डिस्पॅचवाला. माणूस दुखावतो तो नकाराने कमी आणि चार जणांसमोर झालेल्या नकाराने जास्त. फोन झाल्यावर वस्तू पोचवा आणि मग दोन ओळी लिहून पाठवा, म्हणजे लेखी काही राहील.

कारखानदार_भिवंडी

मी दुसऱ्या बाजूचा आहे. माझा लेबल छापण्याचा युनिट आहे आणि दिवाळीत मीही डबे वाटतो.

आमचं काय होतं ते ऐका. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या ग्राहकाकडून डबा परत आला. कोणी फोन केला नाही. त्यांचा ड्रायव्हर माल उचलायला आला आणि गेटवर वॉचमनच्या हातात डबा देऊन म्हणाला, 'साहेबांनी नको सांगितलंय.' लोडिंगवर माझी सात-आठ माणसं उभी होती. त्या साहेबांशी मी आजही धंदा करतो, पण तो दिवस विसरलो नाही.

उलट एक ताई आहेत दुसऱ्या कंपनीत. त्यांनी स्वतः फोन केला, म्हणाल्या, 'तुमची आठवण पोचली, डबा मात्र मी ठेवू शकत नाही, कोणाचाच ठेवत नाही.' त्यातला 'कोणाचाच' महत्त्वाचा होता. मला आधी वाटलं होतं की दुसऱ्या पार्टीचा डबा मोठा आला असेल म्हणून माझा परत येतोय. हे आमच्या डोक्यात येतंच. ते पहिल्याच वाक्यात काढून टाका.

आणि खरं सांगू? आम्ही देतो ते बऱ्याचदा धास्तीने. बाजूचा देतो, आपण नाही दिलं तर? भेट म्हणून वाटलेल्या मालावर जीएसटीचं इनपुट क्रेडिटही मिळत नाही, सगळा खर्च अंगावर. सगळ्यांनीच घेणं बंद केलं तर मी पहिला पेढे वाटेन.

रेवती_दादर

नाणं परत करायला जीव होत नसेल तर सिद्धिविनायकाच्या दानपेटीत टाका. तुम्हीही ठेवलं नाही आणि लक्ष्मीही माघारी गेली नाही. आमच्याकडे एकदा असंच केलं होतं.

खतावणी

रेवतीताई, भावना समजते, पण यात दोन्हीकडून अडचण होते. पेटीतल्या नाण्याची पावती नाही, म्हणजे फाईलमध्ये काही नाही. आणि काकांच्या हिशोबात ताईंनी नाणं घेतलं ते घेतलंच. पुढच्या वर्षी पंचवीस ग्रॅमचं येईल. वस्तू देणाऱ्याकडे परत पोचली तरच नकार पोचतो. देणारा सापडतच नसेल किंवा अजिबात परत घेत नसेल, तर वस्तू कंपनीकडे जमा करायची आणि पुढे दान की लिलाव ते कंपनीने ठरवायचं. तुमच्या घरातून परस्पर नाही.

फोनवर काय बोलू नये तेही सांगतो, कारण चुका तिथे होतात. 'सध्या नको' म्हणू नका, त्याचा अर्थ नंतर चालेल असा घेतला जातो. 'आमचे कंप्लायन्सवाले फार कडक आहेत हो' हेही नको. ऐकायला मऊ वाटतं, पण त्यातून समोरच्याला वाटतं की ताईंना हवंय, फक्त कोणाला कळू नये. मग पुढची वस्तू नवऱ्याच्या नावाने किंवा गावच्या पत्त्यावर येते. हे मी फायलींमध्ये पाहिलंय. पॉलिसीचं नाव जरूर घ्या, पण तिच्या आड लपू नका. 'कंपनीचा नियम आहे आणि मलाही तो पटतो' एवढं म्हणा. आणि 'तुम्ही असं द्यायला नको होतं' हे तर मुळीच नको. त्यांनी सणाची रीत पाळली, त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही.

बदल्यात आपल्याकडून भेट पाठवायचा मोहही टाळा. फराळ पाठवला की देवाणघेवाण सुरू झाली.

गिरगावचा_बाळू

आमच्या सोसायटीतही हेच चाललंय. पुनर्विकासासाठी तीन बिल्डर आलेत आणि एकाने कमिटीला दोनदा हॉटेलात जेवायला नेलं. सेक्रेटरी म्हणतात, जेवण म्हणजे काय लाच असते का? तुम्ही सांगता ते कमिटीलाही लागू आहे का? जेवणाचं बिल परत देता येतं का?

खतावणी

बाळू, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तिथे निर्णय सर्वसाधारण सभेचा असतो आणि कमिटी सभासदांना उत्तर द्यायला बांधील असते. तीन निविदा समोर असताना एकाच बिल्डरचं जेवण घेणं बरोबर नाही एवढंच म्हणेन. सभेत उठून विचारा आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या. बाकीचं वेगळ्या धाग्यावर बोलू.

माधवी_पार्ले

सगळ्यांचे आभार. मेल टाकला, साहेबांनी 'नोंद घेतली, परत करा' असं उत्तर दिलं. दोन शंका उरल्या आहेत. सासूबाईंनी काजूचं पाकीट फोडलं होतं, अर्धं घरात संपलं. त्याचं काय? आणि लोणावळ्याचं काय सांगू? काका म्हणतील, तिथे तर पन्नास जण येणार आहेत, तुम्हाला एकट्यांना थोडंच बोलावलंय?

खतावणी

फोडलेलं पाकीट परत करू नका, ते अपमानास्पद दिसतं. जे झालं ते रजिस्टरमध्ये लिहा, 'घरी कुटुंबीयांनी स्वीकारलं, सुकामेवा अंशतः वापरला' एवढं पुरे. उरलेले डबे ऑफिसच्या पॅन्ट्रीत ठेवा, सगळे खातील. नाशवंत वस्तूचं बहुतेक ठिकाणी असंच करतात. काकांनाही हे मोकळेपणाने सांगा, 'काजू आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ले.' त्यांना बरं वाटेल.

लोणावळ्याचा प्रश्न मात्र नाण्यापेक्षा मोठा आहे. कारखाना बघायला वसईला गेलात आणि दुपारी त्यांच्याकडे जेवलात, ते कामातलं जेवण. सहकुटुंब दोन दिवस रिसॉर्टमध्ये, यात काम कुठेच नाही.

शिवाय त्यात आयकराची एक गोष्ट आहे जी बऱ्याच परचेसवाल्यांना ठाऊक नसते. १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर आलं. धंद्यातल्या संबंधामुळे कोणाला वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त लाभ दिला, वस्तू असो की सहल, तर देणाऱ्याने १० टक्के टीडीएस भरायचा. आणि लाभ ग्राहक कंपनीच्या नोकराला दिला तरी तो कंपनीलाच दिला असं धरतात, हे खात्याने त्याच वर्षी जूनमधल्या परिपत्रकात स्पष्ट केलं. म्हणजे काकांच्या सीएने नीट काम केलं तर तुमची लोणावळ्याची सहल तुमच्या कंपनीच्या पॅनवर दिसणार. मार्चनंतर तुमचा अकाउंट्स विभाग विचारेल, वसईच्या या पार्टीकडून आपल्याला कसला लाभ मिळाला? तेव्हा उत्तर देण्यापेक्षा आज नाही म्हणणं सोपं.

काकांना हे कलम ऐकवू नका, धमकी वाटेल. 'घरच्यांसकट सहलीला मी कुठल्याच सप्लायरकडे जात नाही, पण नवीन मशीन बघायला कारखान्यात नक्की येईन' असं म्हणा. ज्या गोष्टीला जाता येतं तिचं नाव घेऊन सांगितलं की नकार एकटा पडत नाही.

स्टोअर_कीपर_परळ

मी सरकारी रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये आहे. आमच्याकडे हे सगळं याहून कडक. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला तेव्हापासून देणाराही थेट गुन्हेगार ठरू शकतो. मी सप्लायरना तेच सांगतो, 'माझ्यापेक्षा तुम्हीच अडकाल.' लगेच डबा उचलतात. माधवीताईंनीही हेच सांगावं, काम झटपट होतं.

खतावणी

तुमच्या जागी ते बरोबर आहे, कारण तुम्ही लोकसेवक. ताईंची कंपनी खासगी आहे आणि काकांचा कारखानाही. दोन खासगी पक्षांमधल्या भेटीला तो कायदा लागत नाही. लागू नसलेल्या कायद्याची भीती घातली आणि काकांनी त्यांच्या वकिलाला विचारलं, तर ताईंच्या बाकीच्या शब्दांचीही किंमत जाते.

कारखानदार_भिवंडी

सहमत. आणि साठीच्या माणसाला सणाच्या तोंडावर गुन्हा, कायदा हे शब्द ऐकवू नका हो. ताई, तुम्ही नाणं लक्ष्मीपूजनाच्या आधी पोचवा. नंतर गेलं तर ते 'वापरून परत' वाटतं. आधी गेलं तर त्यांना म्हणता येईल की तुमच्या पूजेत ठेवा.

माधवी_पार्ले

आज बोलले. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी साडेनऊला फोन केला, त्या वेळी ते कारखान्यात एकटे असतात. आधी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, मग म्हटलं, 'काका, डबा पोचला. काजू आम्ही घरी आणि ऑफिसात सगळ्यांनी खाल्ले. नाणं मात्र मी ठेवू शकत नाही. कंपनीचा नियम आहे, मलाही तो पटतो, आणि मी कोणाकडूनच घेत नाही.' ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, 'ताई, कॉन्ट्रॅक्टसाठी दिलं असं वाटलं का तुम्हाला? तुमच्या काकूंनी स्वतः जाऊन निवडलंय ते.' म्हटलं, 'मला तसं अजिबात वाटलं नाही. पण उद्या काम तुमच्या दरामुळे तुम्हाला मिळालं, तर ते नाण्यामुळे मिळालं असं कोणी म्हणू नये. तुमच्या नावाला ते लागता कामा नये.' यावर आवाज जरा निवळला. मी म्हटलं, 'यंदाच्या लक्ष्मीपूजनाला ते तुमच्या देव्हाऱ्यात ठेवा, आमच्याही नावाने हळदकुंकू वाहा.' ते म्हणाले, 'बरं, काकूंना सांगतो.'

आमच्या क्वालिटीच्या माणसाबरोबर मी दुपारी वसईला गेले, खोक्यांची तपासणी तशीही ठरलेली होती. नाणं त्यांच्या केबिनमध्ये दार लावून त्यांच्या हातात दिलं. चहा घेतला. संध्याकाळी त्यांना दोन ओळींचा मेल टाकला, 'दिवाळीच्या शुभेच्छांबद्दल आभार. कंपनीच्या धोरणानुसार नाणं आज आपल्या हाती परत दिलं आहे. आपलं सहकार्य असंच राहो.' त्यांनी 'मिळालं' एवढंच उत्तर दिलं. ते नाराज आहेत की नाहीत, मला नक्की सांगता येत नाही.

सासूबाईंचं समाधान झालं, कारण लक्ष्मी पूजेलाच जाणार होती.

निघताना काका म्हणाले, 'मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे. तिथे तरी याल ना? की तिथेही नियम?' मी येते म्हणाले. आता वाटतंय, विचारून सांगायला हवं होतं का?

नितीन_ठाणे

लग्नाला जायचंच. लग्नाला न जाण्याची पॉलिसी कुठल्या कंपनीत असते?

खतावणी

लग्नाला जाणं मला चुकीचं वाटत नाही, पण तोवर कॉन्ट्रॅक्टचा निर्णय झाला असेल का ते बघा. झाला असेल तर साहेबांना सांगून जा, जेवा, या. आहेर तुमच्या खिशातून, साधा. मानाची साडी किंवा परतभेट देऊ लागले तर तिथल्या तिथे हात जोडून नको म्हणा. निर्णय लांबला असेल तर मी गेलो नसतो, शुभेच्छांचं पत्र पाठवलं असतं.

कारखानदार_भिवंडी

इथे माझं पटत नाही. नाणं परत करून लग्नालाही आल्या नाहीत, तर त्यांना वाटेल संबंधच तोडला. निर्णय लांबला तरी जावं, दहा मिनिटं का होईना. अक्षता टाकून जेवणाआधी निघता येतं. आणि लग्नात ओटी भरताना बाईने 'नको' म्हणणं, हे खतावणीसाहेब, कागदावरच सोपं आहे.

खतावणी

ओटीतला नारळ आणि ब्लाउजपीस कोणी नाकारू नये. मी साडीबद्दल बोलत होतो. बाकी तुमचा मुद्दा खोडता येत नाही, पण तीन कोटेशनवर निर्णय बाकी असताना मंडपातले फोटो दुसऱ्या सप्लायरच्या मोबाइलवर पोचतात, हेही पाहिलेलं आहे.

माधवी_पार्ले

साहेबांना विचारलं. कोटेशन या महिनाअखेर उघडणार, लग्न त्यानंतर आहे. निर्णय वेळेत झाला तर जाईन. लांबला तर काय, ते अजून ठरत नाहीये.

पुढच्या वर्षीसाठी सगळ्या सप्लायरना एकच पत्र गणपतीनंतर, डब्यांच्या ऑर्डरी जाण्याआधी पाठवायचं ठरवलंय. मसुदा असा :

'सप्रेम नमस्कार. दिवाळी जवळ येत आहे. आपण दरवर्षी आठवणीने शुभेच्छा देता, त्याबद्दल आभार. आमच्या कंपनीच्या धोरणानुसार कोणीही कर्मचारी कोणत्याही सप्लायरकडून भेटवस्तू स्वीकारत नाही. कृपया भेटवस्तू पाठवू नयेत. हे पत्र आमच्या सर्व सप्लायरना पाठवले आहे. आपल्या शुभेच्छा हीच आमची भेट.'

कारखानदार_भिवंडी

चांगलं आहे. 'ऑफिसात किंवा घरी' हे शब्द घाला, नाहीतर अर्धे लोक ऑफिस सोडून घरी पाठवतील. आणि खाली परचेसची सही नको, डायरेक्टरची घ्या. परचेसच्या सहीचं पत्र आलं की आम्ही समजतो, वरच्या साहेबांना चालतं.